नायिकेने निवडलं की लेखकाने निवडून दिलं?

प्रश्न: नुकतीच एक कादंबरी वाचून संपवली. एक नायिका, दोन पुरुष, आणि शेवटी ती ज्याला निवडते ते मला अजिबात पटलं नाही. मैत्रीण म्हणते, तुला दुसरा आवडत होता म्हणून तुला राग आलाय, बाकी काही नाही. हा फक्त आवडीनिवडीचा मामला असतो का, की निवड खरंच जमलीये का ओढूनताणून आणलीये हे ओळखायची काही रीत आहे?

रीत आहे. पण आधी मैत्रिणीचा आक्षेप निकालात काढू, कारण तो अगदीच चुकीचा नाहीये, निम्म्या वाचकांचा राग तसाच असतो. एक करून बघा. शेवटची दोनतीन प्रकरणं डोळ्यासमोर आणा आणि त्यात तुमच्या आवडत्याला बसवा. घटना त्याच, कारणं तीच, पानंही तेवढीच, फक्त नायिका आता तुमच्या माणसाकडे जाते. आता समाधान झालं का? झालं असेल तर मैत्रीण बरोबर, तुमची तक्रार माणसाबद्दल होती, लेखनाबद्दल नाही. पण तुमचा माणूस जिंकूनही ती पानं पोकळच वाटत असतील, 'बरं झालं पण असं कसं झालं' असं वाटत असेल, तर गडबड लेखनात आहे आणि तुमचा राग रास्त आहे.

ह्या अदलाबदलीत अजून एक गोष्ट आपोआप कळते. नावं बदलल्यावर किती वाक्यं बदलावी लागली? फक्त डोळ्यांचा रंग आणि नोकरी बदलून काम भागलं, तर तो शेवट ह्या बाईचा ह्या माणसाशी नव्हताच, कुठल्याही बाईचा कुठल्याही माणसाशी होता. चांगल्या कादंबरीत नावं बदलली की सीन मोडतो, संवाद निरर्थक होतात, कारण ते बोलणं त्याच दोघांत होऊ शकत होतं.

आता मूळ मुद्दा. मी हस्तलिखितं वाचायचं आणि एडिट करायचं काम बरीच वर्षं करतेय, आणि त्रिकोणाची कथा हातात आली की मी एकच गोष्ट आधी शोधते, दुसरा माणूस खेळातून बाहेर कसा गेला. तिने त्याला सोडलं, की लेखकाने त्याला उचलून बाजूला ठेवलं? बहुतेक ड्राफ्टमध्ये शेवटच्या पाव भागात कुठेतरी दुसऱ्या माणसाचं अचानक काहीतरी बिघडतं. त्याचं खोटं पकडलं जातं, त्याची कुणी दुसरी निघते, तो पहिल्यांदाच हात उगारतो, तो अपघातात जातो, किंवा (हा प्रकार सगळ्यात हुशार आणि म्हणून सगळ्यात फसवा) तोच मोठ्या मनाने म्हणतो की तू त्याच्याकडे जा. ह्या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, नायिकेला काही करावंच लागत नाही. दोन दारं होती, एक वाऱ्याने बंद झालं, ती उरलेल्या दारातून गेली आणि लेखक म्हणतो बघा तिने निवड केली.

हे नीट दिसावं म्हणून एक कथानक घेऊ, इथे समजावण्यापुरतं मीच जुळवलंय, पण असे सांगाडे कायम येतात. अनघा, वडिलांच्या मागे व्हायोलिन दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतेय. निशांत तिचा लहानपणापासूनचा मित्र, वर्कशॉपचे हिशेब तो बघतो, काहीही अडलं की 'मी बघतो' म्हणतो आणि खरंच बघतो. कबीर व्हायोलिनवादक, दुरुस्तीच्या निमित्ताने येतो, उशिरा येतो, जास्त वेळ थांबतो, आणि ह्या एकाच माणसासमोर अनघा नवव्या प्रकरणात मोठ्याने म्हणते की मला हे वर्कशॉप कधी नकोच होतं. एकूण प्रकरणं सव्वीस.

पहिल्या ड्राफ्टचा शेवट असा. एकविसाव्या प्रकरणात अनघाला कबीर दुसऱ्या एका मुलीबरोबर दिसतो. बाविसाव्यात ती रडते (पाऊस पडतो, अर्थातच). तेविसाव्यात ती निशांतच्या दारात उभी, तो काही न विचारता तिला आत घेतो, आणि वाक्य येतं, 'तिला आतून कुठेतरी नेहमीच माहीत होतं.' उरलेल्या तीन प्रकरणांत लग्न आणि आवराआवर.

वाचताना खटकत नाही हो, भराभर वाचून होतं. पण पुस्तक खाली ठेवल्यावर दोन दिवसांनी काही आठवत नाही. का, तर पहिली वीस प्रकरणं जो प्रश्न विचारत होती तो वेगळाच होता. अनघाला वडिलांचं आयुष्य पुढे चालवायचंय की स्वतःचं काही करायचंय, हा प्रश्न होता. दोन पुरुष ही त्या प्रश्नाची दोन रूपं होती, निशांतबरोबर वर्कशॉप चालू राहतं, कबीरबरोबर ते सुटतं. आणि शेवट कशाचं उत्तर देतो? कबीर विश्वासू आहे का, ह्याचं. हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. त्रिकोणात दोन माणसांमध्ये निवड असते असं आपण म्हणतो खरं, पण वाचक मनात धरून असतो ती दोन आयुष्यांमधली निवड, आणि तिचं उत्तर न देता फक्त एका माणसाचं चारित्र्य काळं केलं की वाचकाला फसवल्यासारखं होतं, भले त्याला नेमकं काय झालं ते सांगता येत नसेल.

'तिला नेहमीच माहीत होतं' हे वाक्य दिसलं की मी पेन्सिलीने खूण करते. नेहमी माहीत होतं तर मग वीस प्रकरणं आम्ही काय वाचत होतो? हे वाक्य बहुतेक वेळा तिथे येतं जिथे कारण दाखवायचं राहून गेलंय. कधीकधी ते खरं असतं, पण मग मागे जाऊन दोनतीन जागा तरी दाखवता यायला हव्यात जिथे तिचं वागणं तिच्या बोलण्याच्या उलट होतं. जागा सापडल्या तर वाक्य राहू दे, नाहीतर ते फक्त ठिगळ आहे.

आता हाच शेवट दुरुस्त करू, आणि मुद्दाम निकाल तोच ठेवते, म्हणजे ती निशांतकडेच जाते, कारण मला दाखवायचंय की प्रश्न 'कोण' हा नसतो.

पहिली गोष्ट, ती दुसरी मुलगी काढून टाकायची. कबीर शेवटपर्यंत चांगला राहील, उलट एकविसाव्या प्रकरणात तो सगळ्यात चांगला असेल. त्याला आठ महिन्यांचा दौरा मिळालाय, तो अनघाला सरळ विचारतो की येशील का, आणि प्रेमाने म्हणतो की तुझ्याशिवाय हे व्हायोलिन नीट वाजत नाही. दुसरी गोष्ट, निशांतवर एक डाग पाडायचा. एकोणिसाव्या प्रकरणात तो वर्कशॉपचं कर्ज स्वतःच्या पैशातून फेडतो, अनघाला न विचारता. विसाव्यात ती हिशेबाची वही पहिल्यांदा स्वतः उघडते, तिला ते दिसतं, ती रागावते आणि म्हणते वही आजपासून माझ्याकडे राहील. निशांतला हे लागतं. लागायलाच पाहिजे.

आता दोघेही जिवंत आहेत. दोघांकडे जायला कारण आहे आणि दोघांकडे न जायलाही आहे. अशा स्थितीत आणल्याशिवाय निवड होतच नाही.

मग तेविसावं प्रकरण, कबीरची शेवटची तालीम. संपूर्ण कादंबरीत एक गोष्ट पेरून ठेवलीये, त्याच्या व्हायोलिनची एक खुंटी कोरड्या हवेत सरकते आणि तार उतरते, आणि दर वेळी अनघा उठून जाते, खुंटी थोडी आत दाबत फिरवते, तार जागेवर आणते. चौथ्या प्रकरणात हे पहिल्यांदा होतं तेव्हा त्यात प्रेम होतं. बाराव्यात सवय होती. आता तेविसाव्यात तार उतरते, ऐकू येण्याइतकी, दोघंतिघं वळून तिच्याकडे बघतात, आणि ती खुर्चीतच बसून राहते. कबीर थांबतो, स्वतः खुंटी पिळतो, जरा जास्तच चढवतो, परत उतरवतो, आणि वाजवायला लागतो. छान वाजवतो. तिला कळतं की वर्कशॉपमधून सुटून ती जिथे जाणार होती तिथेही तिचं काम दुरुस्तीचंच असणार होतं. हे तिने मनात म्हणायचीसुद्धा गरज नाही, ती उठली नाही एवढंच लिहा. मग बाहेर आल्यावर ती त्याला नाही म्हणते, आणि तो रडत नाही, भांडत नाही, फक्त विचारतो की मी काय चुकलो, आणि तिच्याकडे उत्तर नसतं कारण तो चुकलेला नाहीये.

नकार झाला. पण लक्षात घ्या, होकार अजून झाला नाहीये. इथे भलेभले लेखक घसरतात. एकाला नाही म्हटलं म्हणजे दुसऱ्याला हो झालं असं धरून चालतात, आणि नायिका उरलेल्याच्या पदरात पडते. नकार वेगळा पटवावा लागतो आणि होकार वेगळा. म्हणून चोविसाव्यात अनघा निशांतला सांगते की ती वर्कशॉप विकतेय आणि त्यातून त्याचे पैसे परत करणार आहे. आता निशांत काय म्हणतो? आधीच्या तेवीस प्रकरणांचा निशांत म्हणाला असता 'मी बघतो'. तो तोंड उघडतो, गप्प होतो, आणि विचारतो, "मग तू काय करणार?" पुस्तकात पहिल्यांदा हा माणूस तिला प्रश्न विचारतोय. आणि ती म्हणते, "माहीत नाही." आणि तो वही मागत नाही.

निकाल तोच, ती निशांतकडेच गेली, पण आता तिने काय किंमत मोजली ते दिसतं (एक चांगला माणूस गेला, वडिलांचं दुकान गेलं), मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि दोन्ही वेळा कृती तिची होती. नावांची अदलाबदल करून बघा, सीन मोडतो. आणि हेही बघा की ह्याच सामानावर ती दोघांनाही नाही म्हणून एकटी निघून गेली असती तरी शेवट पटला असता. किंवा खुंटी वेगळ्या पद्धतीने वापरली असती तर कबीरही चालला असता.

आता कुणी म्हणेल की योगायोग अजिबात नकोच का. तसं नाही. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' (1847) ह्यासाठी बघण्यासारखी आहे. काटेकोरपणे तो नेहमीचा त्रिकोण नाही, कारण दोन पुरुष कधी समोरासमोर येत नाहीत, पण जेनसमोर दोन आयुष्यं अगदी सरळ उभी आहेत. एका बाजूला रॉचेस्टर, ज्याची बायको जिवंत आहे हे ऐन लग्नाच्या वेळी उघड झाल्यावर जेन त्याला सोडून निघून गेलीये. दुसऱ्या बाजूला सेंट जॉन रिव्हर्स, ज्याला मिशनरी म्हणून भारतात जायचंय आणि त्या कामासाठी बायको हवीये. आणि शेवटाकडे योगायोग तर किती! न पाहिलेल्या काकाचे 20 हजार पौंड मिळतात, मैलोन्मैल दूर असलेल्या रॉचेस्टरची हाक ऐकू येते, आणि त्याची बायको आगीत मेलेली असते. कागदावर हे वाचलं तर ओढूनताणूनचा नमुना वाटेल.

तरी शेवट बराचसा टिकतो, आणि तो कशावर टिकतो ते क्रम बघितल्यावर कळतं. पैसे मिळतात ते सेंट जॉनच्या मागणीच्या आधी, आणि जेन ते चौघांत सारखे वाटते, म्हणजे प्रत्येकी 5 हजार. त्यामुळे मागणी येते तेव्हा ती गरजू नाहीये, तिला कुणाच्या आधाराला जायचं कारण नाहीये. सेंट जॉन खलनायक नाही, थंड आहे पण प्रामाणिक आहे, आणि जेन त्याला सरळ नाही म्हणत नाही, ती म्हणते मी बहीण म्हणून तुझ्याबरोबर येते, बायको म्हणून नाही. ह्या एका अटीमुळे तिला नेमकं काय नकोय ते सुईच्या टोकाइतकं स्पष्ट होतं, काम चालेल, परदेश चालेल, प्रेमाशिवायचं लग्न नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॉचेस्टरला शोधायला ती निघते तेव्हा त्याची बायको मेल्याचं तिला माहीत नसतं, ते तिला तिथे पोचल्यावर, जळालेलं घर बघून परत फिरल्यावर, खानावळवाल्याकडून कळतं. पाऊल आधी आहे आणि सोय नंतर. हाच क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी पत्र आलं असतं की बायको वारली आणि मग जेन निघाली असती, तर सगळ्या कादंबरीचा कणा मोडला असता. ती हाक मात्र मला अजूनही थोडी सोयीची वाटते, नेमकी त्याच क्षणी येते जेव्हा जेन सेंट जॉनला हो म्हणण्याच्या बेतात असते. पण ती तिला फक्त हलवते, तिच्यासाठी ठरवत नाही.

म्हणून योगायोग दिसला की तो निवडीच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. निवड अवघड करणारा योगायोग कितीही आणा, वाचक कुरकुर करत नाही. निवड झाल्यावर बक्षीस म्हणून आलेलाही पचतो. निवडीच्या जागी बसलेला पचत नाही.

नकार आणि होकार वेगळे असतात म्हटलं, त्याचं उदाहरण म्हणून लुइसा मे अल्कॉटची 'लिटल विमेन' आठवते. पहिला भाग 1868 मध्ये आला, मग जो नावाच्या नायिकेचं तिच्या मित्राशी, लॉरीशी, लग्न लावा म्हणून वाचकांनी भंडावून सोडलं, आणि अल्कॉटने हट्टाने ते केलं नाही, 1869 च्या दुसऱ्या भागात जो लॉरीला नाही म्हणते आणि पुढे प्रोफेसर भाएरशी लग्न करते. दीडशेहून जास्त वर्षं लोक ह्यावर वाद घालतायत आणि माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून घालतायत. नकार पक्का आहे, लॉरी चांगला असताना, मैत्री पणाला लावून जोने तो दिलाय, आणि दोघांचे स्वभाव किती सारखे तापट आहेत हे पहिल्या भागापासून दिसत असतं. होकार त्यामानाने पातळ आहे, कारण भाएर दुसऱ्या भागात येतो, वाचकाने त्याच्याबरोबर तेवढा काळ घालवलेला नसतो. ज्यांना शेवट आवडत नाही त्यातले बरेच जण म्हणतात नकार चुकला. मला वाटतं त्यांना होकार अपुरा पडलाय.

एक मर्यादा सांगायला हवी. शुद्ध रोमान्स प्रकारातल्या कादंबरीत बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकरणातच कळतं की ती कुणाची होणार, मुखपृष्ठावरच तो असतो. तिथे 'दोघंही शेवटपर्यंत तुल्यबळ' ही अपेक्षा लावू नका, तो त्या प्रकारावर अन्याय आहे. तिथे एवढंच बघायचं की तिने दहाव्या प्रकरणातच हो का म्हटलं नाही आणि तिसाव्यात का म्हटलं, मधे तिच्यात काय बदललं. काहीच बदललं नसेल, फक्त गैरसमज दूर झाला असेल, तर ती पानं उगाच भरलीयेत. तसंच, नायिका मुद्दाम चुकीची निवड करते अशाही कादंबऱ्या असतात, आणि त्या उत्तम असू शकतात. निवड शहाणपणाची असणं आणि निवड पटणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, 'ही बाई हेच करणार' असं वाटून आपण डोकं धरून बसलो तर लेखकाचं काम चोख झालंय.

तर तुमच्या कादंबरीचं काय करायचं. सगळी परत वाचू नका, शेवटचा पाव भाग घ्या आणि मागून पुढे या. ती ज्या पानावर निवडलेल्या माणसाकडे जाते तिथून मागे सरकत, नाकारलेला माणूस शेवटचा चांगला कधी दिसला होता ते पान शोधा. ह्या दोन पानांच्या मधे काय झालं ते दोन वाक्यांत लिहा, आणि वाक्यांचा कर्ता कोण आहे बघा. 'त्याने फसवलं', 'तो गेला', 'तिला कळलं' अशी वाक्यं आली तर तुमचा राग बरोबर आहे. 'तिने वही मागितली', 'ती उठली नाही' अशी आली, आणि तरीही तुम्हाला पटत नसेल, तर मैत्रिणीला फोन करून सांगा की तुला दुसराच आवडत होता.